ससाण्याचा दात

पक्षीघरात सगळे तिला मावशी म्हणत. संचालकीणबाई म्हणत, झाडूवाले म्हणत, दाण्याची पोती घेऊन येणारा टेम्पोवालाही म्हणे. डॉक्टरही मावशीच म्हणे, पण डॉक्टरची ती सख्खी मावशी होती. बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा सहा वर्षांचा होता. बापानं वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला आणि पोरगं हिच्या पदरात टाकलं. मावशीनं लग्न केलं नव्हतं, पुढंही केलं नाही. पोरगं इतकं काटकुळं होतं, की तिनं त्याचं नाव बारक्या ठेवलं. तो पक्ष्यांचा डॉक्टर होऊन याच पक्षीघरात रुजू झाला, तेव्हा चारचौघांत ती त्याला डॉक्टर म्हणू लागली. घरी मात्र बारक्याच.

तिचं राज्य म्हणजे पक्षीघराच्या मागच्या अंगाला असलेलं लांबट स्वयंपाकघर. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला दाण्यांचे पत्र्याचे डबे, कोपऱ्यात दोन शीतपेट्या. एकीत उंदीर, कोंबडीची पिल्लं आणि बटेर. दुसरी मेलेल्या पक्ष्यांसाठी, कारण इमारतीत त्यांना ठेवायला दुसरी जागाच नव्हती. जेवण आणि मढं शेजारी शेजारी ठेवू नये, एवढी अक्कल इमारत बांधणाऱ्याला नव्हती, असं ती सव्वीस वर्षं येईल त्याला ऐकवत होती.

कामावर लागली तेव्हा तिला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून चार फिंच मेले. दाणे खाणारे चिमणीएवढे पक्षी. सकाळी ती त्यांच्या पिंजऱ्यात डोकवायची, वाटी काठोकाठ भरलेली दिसायची, म्हणून नवा दाणा घालायची नाही. पाचव्या दिवशी चार पक्षी तळाशी पाय वर करून पडलेले. जुन्या पिंजरेवाल्यानं, सगळे त्याला दाढीवाला म्हणत, वाटी उचलून नुसती फुंकर मारली. वाटीतलं सगळं उडून गेलं. ती टरफलं होती. फिंच दाणा चोचीच्या कडेला धरतो, जिभेनं फिरवतो, खालच्या जबड्याच्या धारेनं साल चिरतो, गर गिळतो आणि साल तिथंच टाकतो. चार दिवस ते पक्षी टरफलांनी भरलेल्या वाटीसमोर उपाशी बसले होते.

तेव्हाचे संचालक भडक डोक्याचे. कुणी केलं म्हणून त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. दाढीवाल्यानं डोळ्यांनी तिला गप्प राहा म्हणून खुणावलं होतं. ती पुढं झाली आणि म्हणाली, मी केलं. पंधरा दिवसांचा पगार गेला, नोकरी वाचली. त्या दिवसापासून ती वाटी आधी फुंकायची आणि मग बघायची, आणि पक्ष्याकडं बघताना आधी चोच बघायची, रंगबिंग नंतर.

बारक्याची शाळा दुपारी सुटे. तो दप्तर ओट्याखाली टाकून स्टुलावर बसे आणि ती काम करता करता त्याला शिकवी. शिकवणं म्हणजे बडबडच, पण डोळ्यांदेखत. ती जाड चोचीच्या फिंचला सूर्यफुलाची बी देई, कडक आवाज होऊन बी फुटे. तीच बी बारीक चोचीच्या फिंचपुढं टाकी. तो बिचारा बी उचली, दोनदा दाबून बघी, टाकून देई, आणि राळ्याच्या दाण्यांकडं वळे. दोघं एकाच जातकुळीतले, दोघांची चोच शंकूसारखी, पण एकाची सांडशी आणि एकाचा चिमटा. मग ती त्याला हमिंगबर्डच्या काचखोलीत नेई. अंगठ्याएवढा जीव, सुईसारखी लांब चोच, हवेत जागच्या जागी उभा. लोकांना वाटतं तो नळीनं ओढल्यासारखा रस पितो. तसं नाही, ती सांगे. त्याची जीभ टोकाला दुभंगलेली असते, रसात गेली की कडेच्या झालरी उलगडतात, बाहेर येताना मिटतात आणि रस आत अडकतो. सेकंदाला दहा-बारा वेळा. लांब नळीच्या फुलाला लांब चोच, वाकड्या फुलाला वाकडी. नुसत्या साखरपाण्यावर तो जगत नाही, म्हणून ती एका बादलीत केळी सडवून त्यांवर चिलटं वाढवी. तो उडता उडता ती टिपून खाई. बादलीच्या वासानं स्वयंपाकघरात कुणी टिकत नसे, बारक्या टिके.

शिकारी पक्ष्यांत तेव्हा एक म्हातारी घार होती आणि एक लंगडा गरुड. आकडीसारखी वाकलेली चोच दाखवून ती सांगे, की मारायचं काम पंजाचं. हे पंजानं आवळून मारतात, आणि चोच फक्त फाडायला. म्हणून सगळं सावज हाडा-पिसांसकट द्यायचं. हाडावर घासून चोचीचं टोक जागेवर राहतं, आणि न पचलेली पिसं-हाडं दुसऱ्या दिवशी गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. पोट साफ. पोरगं मान डोलवी. सातवीत असताना त्यानं शाळेच्या भिंतीवर लावायला चोचींचा तक्ता काढला आणि पहिला आला. मावशीनं तो तक्ता स्वयंपाकघरात लावला. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असावा. तसे दिवस तिच्याकडं फार नव्हतेच.

पुढं तो वसतिगृहात गेला, शिकला, मोठा झाला. परत आला तेव्हा बोलणं बदललं होतं. आता तो तिला वाक्याच्या मध्येच थांबवी. ती हसून सोडून देई. शिकलेलं पोरगं आहे, चालायचंच.

मग ससाणी आली. विजेच्या तारेला धडकून पंख मोडलेली, तरणी, काळ्या डोळ्यांची मादी. डॉक्टरनं पंख झकास बसवला, यात वाद नाही. हात चांगला होता त्याचा. पट्टी बांधलेली असताना सावज फाडायला ती झोंबाझोंबी करील आणि सांधा हलेल, ही भीतीही रास्त होती. म्हणून एके सकाळी घरी चहा पिताना तो म्हणाला, "मावशी, तिला काही दिवस नुसता खिमाच दे. हाडं नकोत."

मावशीनं दिला. आठवड्यानं तिनं चहाच्या वेळीच विषय काढला, की आता हाड सुरू करूया, नाहीतर चोच वाढेल. तो म्हणाला, राहू दे अजून. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा राहू दे. स्वयंपाकघरात आहाराचा तक्ता होता, त्यात बदल झाला की डॉक्टरनं लिहून सही करायची असे. पण घरातल्या घरात कागद कशाला? त्यालाही वाटलं नाही, तिलाही नाही. दोन महिन्यांनी पट्टी सुटली, पंख सरळ झाला, आणि चोचीचं टोक वाढून खालच्या जबड्याच्या पार खाली आलं होतं.

वाढलेली चोच घासावी लागते. पक्षी टॉवेलात गुंडाळून धरायचा आणि बारीक कानशीनं टोक घासून आकारात आणायचं. इतकी वर्षं पक्षी धरायला मावशीच असे. या वेळी डॉक्टरनं तिला बोलावलं नाही. नव्यानं शिकून आलेला मदतनीस मिळाला होता, त्यालाच घेतलं. मावशीला ते लागलं.

संध्याकाळी, उजेड असतानाच, ती अख्खा बटेर घेऊन ससाणीकडं गेली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हाड. सावज मेलेलं असलं तरी ते पायात आलं की ससाणा आधी त्याच्या मानेला चावतो, ती त्याची खोडच असते. ससाणीनं बटेर पायाखाली दाबला, मान चोचीत धरली, दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा धरली. मान चोचीच्या कडेवरून सटकली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग तिनं नाद सोडला आणि छातीची पिसं उपटू लागली.

मावशीनं जाळीला नाक लावलं आणि बघितलं.

ससाण्याच्या वरच्या चोचीला, टोकाच्या जरा मागं, दोन्ही कडांना एकेक टोकदार उंचवटा असतो. आणि खालच्या जबड्यात त्याला बसेल अशी खाच. घारीला नसतो, गरुडाला नसतो, शिक्रा पक्ष्याला नसतो. ते पंजानं मारतात. ससाणा हवेत झडप घालून सावज पाडतो आणि मग तो दात मानेच्या मणक्यांत घालून एका चाव्यात संपवतो. डॉक्टरनं टोक घासताना कडाही साफ केल्या होत्या. दोन्हीकडचा दात घासून चोच घारीसारखी गुळगुळीत करून ठेवली होती. तारेला धडकून आलेली, चोच कडेला कुठं तुटली असेल, असं वाटलं असणार. घारी आणि गरुडांवर हात बसलेल्या माणसाला वाटेलच तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याला गाठलं. दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. तो आधी हसला. मग त्यानं कपाटातलं जाडं पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि एका पानावर त्याची बोटं थांबली. त्याचा चेहरा उतरला. मावशीला त्या क्षणी त्याची कीव आली. तिचे चार फिंच आठवले. ती म्हणाली, की एवढं काही बिघडलं नाही, चोच आहे, नखासारखी वाढते. तीन-चार महिने अख्खं सावज देऊ, दात परत येईल. सोडायचं तेवढं पुढं ढकल.

तिथंच घोडं अडलं. ससाणीला सोडायचा समारंभ पुढच्या रविवारी होता. नव्या दवाखान्याचं उद्घाटन, पाहुणे, फोटोवाले. नव्या दवाखान्याचं प्रमुखपद डॉक्टरकडं येणार होतं. पुढं ढकलायचं तर कारण सांगावं लागणार.

तो म्हणाला, "पंजे आहेत ना तिला? भागेल. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही, मावशी."

"तिच्या लक्षात आलंय."

त्यानं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं आणि हात धुवायला गेला.

मावशीनं दोन दिवस वाट बघितली. घरी दोघं एकमेकांसमोर बसून गप्प जेवत होती. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि संचालकीणबाईंकडं गेली. आपल्याच माणसाची तक्रार घेऊन गेलेली बाई जशी दिसते तशीच ती दिसत असणार, चोरासारखी. तिनं एवढंच मागितलं, की ससाणीला थांबवा. चूक कुणाची ते मी विचारत नाही. पंख नुकता जुळलाय. एका चाव्यात मरायचं ते सावज आता पायात धडपडत राहील, तिला ओरबाडील, सुटेल. अशी किती दिवस खाईल ती?

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी डॉक्टरला बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला, आणि अगदी शांतपणे बोलला. चोच वाढली होती, कारण पक्ष्याला दोन महिने बिनहाडाचं मांस दिलं गेलं. ती चूक स्वयंपाकघराची. ती सुधारण्यासाठी चोच घासावी लागली, आणि इतकी वाढलेली चोच घासताना कडा थोडी जाणारच. पक्षी उत्तम उडतो. मावशींचा त्याच्यावर जीव जडलाय, त्यांना तो जाऊ द्यायचा नाही, हे आपण समजू शकतो.

संचालकीणबाईंनी विचारलं, की बिनहाडाचं मांस द्यायला सांगितलं कुणी?

"तक्त्यात माझी सही असेल तर दाखवा," डॉक्टर म्हणाला. तो मावशीकडं बघत नव्हता.

तक्त्यात सही नव्हती. मावशी म्हणाली, की सकाळी चहा पिताना यानं सांगितलं. म्हणताना तिलाच ते किती पोरकट वाटतंय ते कळलं. संचालकीणबाईंच्या ओठांवर किंचित हसू आलं आणि त्यांनी ते लगेच पुसलं. मावशीला संताप आला. बाईंचा नाही, डॉक्टरचाही नाही, त्या खुर्चीत बसलेल्या पोराचा. ज्याच्या शाळेच्या बुटांसाठी ती दोन वर्षं एकाच चपलेवर राहिली होती, त्याचा. ती उठून आली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात चिठ्ठी पडली. शिकारी पक्ष्यांचा आहार यापुढं मदतनीस बघेल, मावशींनी फिंच आणि हमिंगबर्ड तेवढे सांभाळावेत. वयाचा विचार करून, असंही लिहिलं होतं. खाली सही होती डॉक्टरची. या वेळी सही करायला तो विसरला नव्हता. मावशी त्याच दिवशी दोन पिशव्या भरून दाढीवाल्याच्या विधवा बहिणीकडं एक खोली भाड्यानं घेऊन राहायला गेली. घर तिच्या नावावर होतं. ती जा म्हणाली असती तर तो गेला असता. तिला म्हणवलं नाही.

रविवारी समारंभ झाला. मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ससाणी डॉक्टरच्या हातमोज्यावरून उठली, दोनदा पंख मारले आणि छपरावरून अशी काही निघाली, की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. टाळ्या बराच वेळ चालल्या. उडणं खरंच देखणं होतं. मावशीनं हमिंगबर्डच्या बाटल्या विसळल्या, एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, आणि कामाला लागली.

सतराव्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या पहारेकऱ्याचा फोन आला. भिंतीशी पक्षी पडलाय, पायात कडं आहे, त्यावर तुमचा नंबर आहे. मदतनीस जाऊन घेऊन आला आणि खोकं स्वयंपाकघरात मेलेल्यांच्या पेटीवर ठेवून निघून गेला. शिकारी पक्ष्यांना हात लावू नको, असाच चिठ्ठीचा अर्थ होता. मेलेल्यांबद्दल काही नव्हतं. मावशीनं खोकं उघडलं.

ससाणी कागदासारखी हलकी होती. छातीचं मांस गेलेलं, मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं. गळ्याखालची पिशवी रिकामी. एका डोळ्यावर ओरखडा होता, जुना, पू धरलेला. कुठल्यातरी धडपडणाऱ्या सावजानं पाय झाडले असणार. पंख मात्र शाबूत होता, जिथं डॉक्टरनं जोडला तिथं बोटाला जोडही लागत नव्हता. तिनं चोच उघडून कडेवरून अंगठा फिरवला. दोन्हीकडं, जिथं दात असायचा तिथं, जोंधळ्याच्या कणीएवढं काहीतरी खरखरीत उठायला लागलं होतं.

दार वाजलं. डॉक्टर हातात अर्ज घेऊन उभा होता. मृत्यूचं कारण लिहायचं होतं. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच तिच्यासमोर आला. तो पुढं झाला, त्यानंही पक्षी हातात घेतला, छातीचं हाड चाचपलं, चोच बघितली. बराच वेळ बघत राहिला. मावशीला वाटलं आता हा रडेल. रडला असता तर तिनं सगळं तिथल्या तिथं सोडून दिलं असतं, हे तिला त्याही वेळी कळत होतं.

तो म्हणाला, "ससाण्याला दात असतो, हे तू मला कधी शिकवलं नव्हतंस."

मावशी आठवू लागली. खरंच आठवू लागली, एकेक वर्ष मागं जाऊन. फिंच शिकवले होते, हमिंगबर्ड शिकवले होते, घार आणि गरुड शिकवले होते. पक्षीघरात पहिला ससाणा आला तो बारक्या वसतिगृहात गेल्यानंतरच्या वर्षी. सुट्टीत घरी आलेल्या पोराला काय काय सांगायचं राहून गेलं, त्यात हेही राहिलं होतं. मारायचं काम पंजाचं, चोच फक्त फाडायला, हे तिनंच त्याला दहा वेळा घोकून घेतलं होतं.

"नव्हतं शिकवलं," ती म्हणाली.

त्याचे खांदे सैल झाले. एवढंच ऐकायला तो आला होता. त्यानं ओट्याच्या कडेवर अर्ज टेकवला आणि लिहायला सुरुवात केली. उपासमार, लिहिलं त्यानं. चुकीच्या आहारामुळं चोचीत पूर्वीच आलेली विकृती. मग सही केली, तारीख घातली, आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून पेन तिच्यापुढं धरलं.

मावशीनं सही केली. तो गेल्यावर तिनं ससाणीला कागदात गुंडाळलं, पेटीत ठेवलं, आणि फिंचच्या वाट्या फुंकायला गेली.